गेट मीटिंगमधली क्रियापदं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं युनियनच्या कमिटीवर होतो. पगारवाढीच्या बोलणीआधी फाटकाबाहेर कामगारांची सभा होते, तिला आम्ही गेट मीटिंग म्हणतो. शिफ्ट सुटलेली असते, हातात डबे असतात, वेळ जेमतेम वीस मिनिटं. तेवढ्यात पुढाऱ्यानं काय बोलावं, ते सांगतो.

सगळ्यात मोठा मोह आकड्याचा. मागणीपत्रात दरमहा सहा हजारांची वाढ लिहिलेली असते. "सहा हजार आणणारच!" म्हटलं की टाळ्या पडतात. पण ती मागणी असते. समजा, तडजोड 4,500 वर झाली. करार तीन वर्षांचा, वाढ 50, 30 आणि 20 टक्के अशा हप्त्यांत. म्हणजे पहिल्या वर्षी 2,250. हा आकडा कंपनीच्या खर्चाचा असेल, तर तिचा 12 टक्के पीएफ त्यातच येतो आणि मूळ पगार वाढतो साधारण 2,009 रुपयांनी. त्यातून कामगाराचा 12 टक्के पीएफ कापला की हातात उरतात 1,768. करार वाईट नसेलही. पण सहा हजार ऐकून गेलेल्या माणसाला ती फसवणूकच वाटते. म्हणून बोलणीला बसण्याआधीच हा हिशेब फाटकावर मांडायचा.

मग ठामपणा कुठं दाखवायचा? जे आपल्या हातात आहे, तिथं. आमचे सेक्रेटरी आवाज न चढवता म्हणायचे, "सहा हजार मागणार. किती मिळतील ते आज सांगत नाही. पण तुम्हाला विचारल्याशिवाय सही करणार नाही. आणि प्रत्येक बैठकीनंतर इथंच येऊन सांगणार." 'मागणार', 'सांगणार', 'सही करणार नाही' ही क्रियापदं त्यांच्या हातातली होती. 'मिळवून देणार' हे नव्हतं. त्यात समोरच्याची सही लागते.

गर्दीतून कुणीतरी हमखास ओरडतो, "संप कधी?" तेव्हा घाई नको. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पण कायद्यानं वाटाघाटींचा हक्क दुसऱ्याच, मान्यताप्राप्त युनियनकडे होता. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही आणि हजारोंचं काम गेलं. म्हणून संपाचं उत्तर असं द्यावं : "तो मार्ग आहे. पण नोटीस कधी, घर किती दिवस चालेल आणि परत यायची वाट कोणती, हे ठरल्यावर तुम्हीच मत द्या."

सभा नीट झाली की नाही, ते नंतर चहाच्या गाड्यावर कळतं. तिथं "किती मिळणार?" एवढंच चाललं असेल, तर आकडा डोक्यात बसला. "पुढची बैठक कधी?" असं कानावर आलं, तर बोलणं पोचलं म्हणायचं.