डेस्कटॉपचं बटण दुरून दाबताना

कॅबिनेटवरचं पॉवर बटण घरातल्या दिव्याच्या बटणासारखं वीज जोडत-तोडत नाही. त्याच्या मागून दोन बारीक वायरी निघतात आणि मदरबोर्डच्या कडेला असलेल्या दोन पिनांवर बसतात. त्यांतली एक पिन जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडलेली असते. दुसरीवर मदरबोर्डने ३.३ किंवा ५ व्होल्ट धरून ठेवलेले असतात. संगणक बंद असला तरी भिंतीतला स्विच चालू असेपर्यंत एसएमपीएस मदरबोर्डला थोडी वीज पुरवत राहतो, त्यामुळे हे शक्य होतं. बटण दाबलं की दोन्ही पिना क्षणभर जोडल्या जातात, व्होल्टेज शून्यावर येतं आणि मदरबोर्डला कळतं की कोणीतरी बटण दाबलं. ते बोटाने दाबलं की आणखी कशाने, हे त्याला कळत नाही. दुरून संगणक चालू करण्याची ही युक्ती याच गोष्टीवर उभी आहे.

समजा, एका कर सल्लागारांचं ऑफिस सांगलीत आहे आणि ते स्वतः महिन्यातले बरेच दिवस पुण्यात असतात. हिशेबाचं सगळं काम ऑफिसच्या डेस्कटॉपवर आहे आणि पुण्याहून ते रिमोट डेस्कटॉपने त्यावर काम करतात. वीज जाऊन आली की संगणक बंदच राहतो, एवढीच अडचण असेल तर रिलेच्या वाटेला जाऊच नये. वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय बहुतेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये असते, ती लावली की काम झालं. खरी पंचाईत होते ती संगणक चालू असूनही गोठतो तेव्हा. पंखा फिरत असतो, पण स्क्रीन हलत नाही आणि नेटवर्कवरून उत्तर येत नाही. तिथे बटण दाबून धरण्यावाचून इलाज नसतो, आणि रिले कामाला येतो तो याच वेळी.

लागणारं सामान थोडंच आहे. ईएसपी८२६६ चिप असलेला नोडएमसीयूसारखा वायफाय बोर्ड, ५ व्होल्टचं एका रिलेचं मॉड्यूल, काही जम्पर वायरी आणि मोबाइलचा जुना चार्जर. रिलेत एक छोटं विद्युतचुंबक असतं. त्याला वीज मिळाली की आतली पट्टी ‘टक्’ आवाज करत सरकते आणि दोन टोकं जुळतात. बोर्डाची वीज फक्त त्या चुंबकाला जाते, जुळणाऱ्या टोकांशी तिचा संबंध येत नाही. म्हणूनच मदरबोर्डच्या पिनेवर बोर्डातून ५ व्होल्ट ‘पाठवायचे’ नसतात. आपल्याला फक्त पिना जोडायच्या आहेत, बाहेरची वीज त्यांत घालायची नाही.

मॉड्यूलच्या एका बाजूला तीन स्क्रू असतात: कॉम, एनओ आणि एनसी. आपल्याला कॉम आणि एनओ हवेत, कारण ही जोडी एरवी उघडी असते. या दोन्हींपासून दोन वायरी पॉवर बटणाच्या पिनांपर्यंत न्यायच्या, पण मूळ बटण काढून टाकायचं नाही. बटणाच्या वायरींना समांतर जोड द्यायचा, म्हणजे ऑफिसात बसलेल्या माणसाचं बोटही चालतं आणि रिलेही. रिले असल्यामुळे कुठली वायर कुठल्या पिनेवर गेली याने फरक पडत नाही. पिना मात्र नेमक्या ओळखाव्या लागतात, शेजारीच रिसेटच्या आणि दिव्यांच्या पिना असतात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत नकाशा दिलेला असतो, तो बघितल्याशिवाय हात घालू नये. काम सुरू करण्याआधी संगणकाची पॉवर केबल काढायची, आणि बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यायची.

बोर्डाच्या डी१ पिनेवर रिलेचा सिग्नल, व्हीइनवर त्याचे ५ व्होल्ट आणि ग्राउंडला ग्राउंड. रिलेचं चुंबक साधारण ७० मिलिअँपियर खातं, म्हणून ते ३.३ व्होल्टच्या पिनेवर टांगू नये. यापुढचं काम प्रोग्रॅमचं, आणि त्याचा गाभा इतकाच:

```
void setup() {
  digitalWrite(D1, LOW);
  pinMode(D1, OUTPUT);
}

void press(int ms) {
  digitalWrite(D1, HIGH);
  delay(ms);
  digitalWrite(D1, LOW);
}
```

`press(500)` म्हणजे अर्ध्या सेकंदाचा साधा दाब. `press(6000)` म्हणजे सहा सेकंद दाबून धरणं. चार सेकंदांहून जास्त दाबलं की मदरबोर्ड ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारता संगणक थेट बंद करतो. गोठलेल्या संगणकासाठी हेच हवं असतं, आणि चालत्या कामात हेच सर्वांत घातक. वेबपानावर दोन्हींसाठी वेगळी बटणं ठेवावीत आणि लांब दाबाआधी एकदा खात्री विचारावी.

बाजारातली बरीच रिले मॉड्यूल्स उलटी चालतात, म्हणजे सिग्नल खाली गेला की रिले लागतो. नोडएमसीयूची डी१ पिन सुरू होताना खालीच असते. आता कल्पना करा, डेस्कटॉप यूपीएसवर आहे आणि बोर्डाचा चार्जर साध्या सॉकेटवर. वीज गेली तरी संगणक चालू राहतो. वीज आली की बोर्ड जागा होतो, रिले टक् करतो, आणि सल्लागार पुण्यात विवरणपत्र भरत असतानाच विंडोज शहाण्यासारखं बंद व्हायला लागतं. म्हणून सिग्नल वर गेल्यावर लागणारं मॉड्यूल घ्यावं. काहींवर ते निवडायचा जम्परही असतो. मग संगणकाला न जोडता चार्जर पाच-सहा वेळा काढून लावावा. एकदाही ‘टक्’ ऐकू आलं तर ती जोडणी वापरू नये.

आणखी एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. संगणक चालू होतो आणि साधारण चार सेकंदांनी धाडकन बंद पडतो, तर एसएमपीएस बिघडला म्हणून दुकानाकडे धावण्याआधी रिलेच्या वायरी सुट्या करून पाहाव्यात. रिले चिकटलेला असतो, किंवा वायर एनओऐवजी एनसीवर गेलेली असते; मदरबोर्डला वाटतं, कोणीतरी बटण धरूनच बसलंय. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवून कॉम-एनओ तपासले की लगेच कळतं: रिले सुटलेला असताना बीप येता कामा नये.

दुरून दाबणाऱ्याची खरी अडचण ही की संगणक चालू आहे की बंद, हे त्याला दिसत नाही, आणि बटण मात्र दोन्हींसाठी एकच. पिंगला उत्तर नाही म्हणजे तो बंदच आहे असं नव्हे, गोठलेलाही असू शकतो. खरं उत्तर कॅबिनेटवरच्या पॉवर दिव्याकडे असतं. त्या दिव्याच्या पिनांना समांतर १ किलोओहमचा रेझिस्टर आणि पीसी८१७ नावाचा ऑप्टोकपलर लावला की दिवा लागल्याची खबर बोर्डाला मिळते, आणि दोन्हींच्या विजेचा एकमेकींशी संबंधही येत नाही. इथे मात्र प्लस-मायनस पाळावं लागतं. दिवा लागलेला आणि पिंगला उत्तर नाही, तर चार-पाच मिनिटं थांबावं, कारण विंडोज अपडेटही असंच गप्प असतं. त्यानंतरच लांब दाब.

हे बटण राउटरवर पोर्ट उघडून इंटरनेटवर ठेवू नये. पत्ता सापडलेला कोणीही ऑफिसचा संगणक बंद करू शकेल. आधी व्हीपीएनने ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचं आणि मगच बोर्डाचं पान उघडायचं. तो व्हीपीएन राउटरवर चालला पाहिजे, त्याच डेस्कटॉपवर नाही.