फ्रिजची उष्णता जाते कोठे?

लोअर परळच्या चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत फ्रिजला जागा मिळते ती कोपऱ्यात, भिंतीला अगदी चिकटून. मे महिन्यात त्याची मोटर थांबतच नाही, पाणी गार होत नाही आणि दोष गॅसला दिला जातो. आमच्या मते आधी भिंतीकडे पाहावे.

फ्रिज थंडी निर्माण करीत नाही. तो आतील उष्णता बाहेर नेतो. हे ओझे वाहणारा पदार्थ अलीकडच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो. हवेच्या नेहमीच्या दाबाखाली तो उणे 12 अंशांच्या आसपासच उकळतो. आतील नळ्यांत दाब कमी ठेवलेला असल्याने तो तेथे उकळून वायू होतो व त्यासाठी लागणारी उष्णता अन्नातून घेतो. कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो, तेव्हा तो खोलीहून बराच गरम होतो. म्हणूनच मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांतून तो खोलीला उष्णता देऊ शकतो आणि पुन्हा द्रव होतो. पुढे बारीक नळीतून जाताना दाब उतरतो व फेरी पुन्हा सुरू होते.

एक लिटर पाणी 30 अंशांवरून 5 अंशांवर आणताना 25 किलोकॅलरी उष्णता खोलीत येते. मोटरने खाल्लेल्या विजेची वेगळीच. (दार उघडे ठेवल्याने खोली तापते, ती यामुळेच.) ही उष्णता भिंतीशी कोंडली, की वायूचा द्रव होणे अडते. तेव्हा प्लग काढून फ्रिज चार बोटे पुढे ओढावा, नळ्यांवरील धूळ पुसावी. मोटर अखंड चालूनही नळ्या गरमच होत नसतील, तर मात्र गॅस गळाल्याचा संशय घेऊन कारागिराला बोलवावे.