गॅलनला गॅलन का नाही? हेज रेशोचं साधं गणित

विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा मोठा असतो आणि त्याचा भाव रोज हलतो. मग कंपनीने फ्युचर्समध्ये आजच भाव बांधून का ठेवू नये? अडचण अशी, की अमेरिकेत विमानाच्या इंधनाच्या फ्युचर्सचा म्हणावा तसा मोठा, चालता बाजार नाही. त्यामुळे कंपन्या जवळच्या नातेवाईकाचा आधार घेतात: न्यूयॉर्क मर्कंटाइल एक्स्चेंजवरचा हीटिंग ऑइलचा करार. २०१३ पासून या करारात प्रत्यक्षात कमी गंधकाचं डिझेल असतं. क्रूडच्या उर्ध्वपातनात केरोसीन आणि डिझेल शेजारशेजारच्या थरांतून निघतात, म्हणून त्यांचे भाव बरेचसे बरोबरीने चालतात. पण ‘बरेचसे’ म्हणजे ‘पूर्ण’ नव्हे, आणि सगळं गणित या फरकातच आहे.

समजा, एका कंपनीला दोन महिन्यांनी ३० लाख गॅलन इंधन घ्यायचं आहे. एक करार ४२,००० गॅलनचा असतो. सरळ भागाकार केला तर ७१ करार येतात. हे बरोबर आहे का?

प्रत्येक गॅलन इंधनामागे h गॅलनचे फ्युचर्स घेतले, तर खर्चातल्या चढउताराचा व्हेरियन्स असा येतो:

V = σS² + h²σF² − 2hρσSσF

इथे σS हे इंधनाच्या भावातील बदलाचं स्टँडर्ड डेव्हिएशन, σF हे फ्युचर्सच्या भावातील बदलाचं आणि ρ हा दोघांमधला सहसंबंध. हा h मधला साधा वर्गसमीकरणाचा वक्र आहे. बारावीत शिकल्याप्रमाणे डेरिव्हेटिव्ह शून्य ठेवलं, की सर्वांत कमी जोखमीचा बिंदू मिळतो:

h = ρ × σS / σF

आता आकडे घालू. हे आकडे उदाहरणापुरते मानलेले आहेत. σS = ९ सेंट, σF = १२ सेंट आणि ρ = ०.८ धरू. मग h = ०.८ × ९ / १२ = ०.६. करार किती? ०.६ × ३०,००,००० / ४२,००० = ४२.८६, म्हणजे ४३. अर्धा करार विकत मिळत नाही, म्हणून पूर्णांक घ्यायचा.

आता फरक बघा. हेज केलंच नाही, तर चढउतार गॅलनमागे ९ सेंट. गॅलनला गॅलन घेतलं, म्हणजे h = १, तर V = ८१ + १४४ − १७२.८ = ५२.२, म्हणजे सुमारे ७.२ सेंट. आणि h = ०.६ ला V = २९.१६, म्हणजे ५.४ सेंट. जास्त करार घेऊन जोखीम उलट जास्तच राहिली!

हे हेज किती परिणामकारक? व्हेरियन्स ८१ वरून २९.१६ वर आला, म्हणजे ६४ टक्के कमी झाला. आणि ०.६४ म्हणजेच ρ². हा योगायोग नाही; वरचा h मूळ सूत्रात घातला की V = σS²(१ − ρ²) असंच येतं. म्हणजे किती करार घ्यायचे हे h सांगतो, पण ते घेऊन कितपत फायदा होईल हे फक्त ρ ठरवतो. h एकच्या जवळ आला म्हणून हेज चांगलं झालं, असं समजू नये.

ρ काढताना नेहमीची चूक म्हणजे भावांचाच सहसंबंध घेणं. दोन्ही भाव वर्षभर चढत असतील तर सहसंबंध ०.९ च्या पुढे सहज जातो, पण तो फसवा असतो. भावांतील बदलांचा सहसंबंध घ्यायचा, आणि शक्य असेल तर हेजच्या मुदतीइतक्याच लांबीच्या बदलांचा. दैनिक बदलांत गोंधळ जास्त असतो. मात्र दोन-दोन महिन्यांचे बदल घ्यायचे तर नमुने फार थोडे मिळतात, म्हणून बरेचजण आठवड्याच्या बदलांवर थांबतात.

खरा धोका मात्र पुढे आहे. ρ हा स्थिरांक नाही. २०२० मध्ये विमानं जमिनीवर बसली, पण मालाचे ट्रक चालूच होते. केरोसीनची मागणी कोसळली, डिझेलची तितकी नाही, आणि दोन भावांची जोडी सुटली. समजा आपल्या उदाहरणात ρ ०.३ वर आला आणि आपण जुनाच ०.६ धरून बसलो. मग V = ८१ + ५१.८४ − ३८.८८ = ९३.९६, म्हणजे ९.७ सेंट. हेज न करता ९ होते! योग्य h आता ०.२२५ आहे. वक्र सममित असल्यामुळे नियम सोपा निघतो: योग्य रेशोच्या दुपटीपलीकडे गेलात, की हेजच जोखीम वाढवतं.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट झाली. अनेक कंपन्यांनी जेवढ्या इंधनासाठी करार केले होते, तेवढं इंधन त्यांना लागलंच नाही. सूत्रात ३० लाखांचा आकडा आपण पक्का धरलेला असतो. तोच हलला तर h कितीही अचूक असून उपयोग नाही.

म्हणून रेशो काढल्यावर तो त्याच आकड्यांवर तपासू नका. तिथे तो चांगला दिसणारच. त्यानंतरच्या काही आठवड्यांचे बदल घ्या, हेज केलेला आणि न केलेला असे दोन्ही व्हेरियन्स काढा. त्यांचं गुणोत्तर १ − ρ² च्या आसपास राहिलं तर रेशो चालू ठेवावा. एककडे सरकू लागलं तर करार कमी करायची वेळ झाली.