लाल विंचवाला न पाहिलेला घोडा

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले, देहेड गावचे. त्यांचं आयुष्य मात्र रायगडमधल्या महाडला लाल विंचवाच्या दंशाशी झुंजण्यात गेलं. हा विंचू चावला की अंगाला दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात आणि पुढे फुफ्फुसांत पाणी भरतं. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी अशा रुग्णांना वाचवते, हे बावस्करांनी दाखवून दिलं. २०११ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणखी एक अभ्यास छापून आला. त्यात ३५ रुग्णांना नुसतं प्राझोसिन दिलं होतं आणि दुसऱ्या ३५ जणांना प्राझोसिनसोबत विंचवाचं प्रतिविष. दहा तासांत पहिल्या गटातले ८ जण पूर्ण बरे झाले, तर दुसऱ्या गटातले ३२.

हे प्रतिविष घोड्याच्या रक्तातून येतं. मुंबईच्या हाफकिनसारख्या संस्था घोड्याला विषाचे अगदी थोडे, हळूहळू वाढवलेले डोस टोचतात आणि काही आठवड्यांनी त्याच्या रक्तातली प्रतिपिंडं वेगळी काढतात. माझं कुतूहल इथेच अडकतं. तबेल्यातल्या त्या घोड्याला लाल विंचू आयुष्यात कधी चावलेला नसतो. मग त्या विषाला नेमकं पकडणारा रेणू त्याच्याकडे आला कुठून?

प्रतिपिंडाचा आकार बेचक्यासारखा असतो. दोन लांब साखळ्या, त्यांना बिलगलेल्या दोन आखूड साखळ्या, खाली दांडा आणि वर दोन फाटे. विष पकडलं जातं ते फाट्यांच्या टोकांशी. प्रत्येक टोकावर लांब साखळीचे तीन आणि आखूड साखळीचे तीन असे सहा लवचीक वेढे एकत्र येतात आणि त्यांच्यामध्ये एक खोबण तयार होते. बेचक्याचा बाकीचा सांगाडा एका जातीच्या सगळ्या प्रतिपिंडांत जवळपास सारखाच. फरक काय तो या खोबणीत.

अशा लाखो खोबणींसाठी लाखो जनुकं लागतील, असं वाटणं साहजिक आहे. पण माणसाच्या शरीरात प्रथिनांची सगळी जनुकं मिळून वीस हजारांच्या आसपासच आहेत. हे कोडं १९७६ साली स्वित्झर्लंडमधल्या बासेलला सुसुमु तोनेगावा यांनी उलगडलं. गर्भातल्या उंदराच्या पेशीत जनुकाचे जे तुकडे एकमेकांपासून दूर होते, ते प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीत शेजारी येऊन बसलेले त्यांना दिसले. म्हणजे हे जनुक आयतं मिळत नाही. रक्तातली प्रत्येक बी पेशी ते स्वतःपुरतं गोधडीसारखं जोडून घेते.

माणसात लांब साखळीसाठी व्ही जातीचे सुमारे ४० तुकडे आहेत, डीचे २३ आणि जेचे ६. प्रत्येक जातीतला एकच उचलायचा, म्हणजे साडेपाच हजार जोडण्या झाल्या. आखूड साखळीच्या सुमारे ३२० होतात. दोन्हींचा गुणाकार सतरा लाखांच्या वर जातो. मात्र खरी विविधता त्या शिवणीत दडलेली आहे. रॅग नावाचं विकर डीएनए कापतं आणि मधला भाग गळून पडतो. कापलेल्या टोकांवरची काही अक्षरं झडतात, आणि टीडीटी नावाचं दुसरं विकर तिथे मनाला येतील तशी नवी अक्षरं टाकतं. सहा वेढ्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा वेढा नेमका याच शिवणीवर येतो. त्यामुळे तेच तुकडे उचलणाऱ्या दोन पेशींचीही खोबण वेगळी होते.

याची किंमतही मोजावी लागते. जनुक तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचलं जातं. आंधळेपणाने टाकलेली अक्षरं तीनच्या हिशेबात न बसल्यास पुढचं सगळं वाचन बिघडतं, आणि तीनपैकी दोन जोडण्या अशाच वाया जातात. पेशीकडे त्या गुणसूत्राची दुसरी प्रत असते, तिच्यावर ती पुन्हा प्रयत्न करते. तिथेही फसली तर मरते.

विष टोचण्याआधीच घोड्याच्या अंगात अशा असंख्य पेशी फिरत असतात. विंचवाचं विष त्यांना काही शिकवत नाही. ज्या थोड्या पेशींची खोबण योगायोगाने त्याला जराशी जुळते, त्याच वाढू लागतात. वाढताना त्यांच्या जनुकात पुन्हा बारीक बदल होत राहतात आणि ज्यांची पकड अधिक घट्ट, त्याच टिकतात. एकाच इंजेक्शनावर भागत नाही ते यामुळे. त्यातही विंचवाचं मुख्य विष साठ-पासष्ट अमिनो आम्लांचं, फारच लहान. इतक्या चिमुकल्या रेणूविरुद्ध घोड्याचं शरीर सहजासहजी पेटून उठत नाही.

पुढे पेप्सिन वापरून बेचक्याचा दांडा छाटतात. पकडण्यासाठी दोन फाटे पुरतात आणि माणसाच्या शरीरात घोड्याच्या दांड्यामुळे उमटणारी प्रतिक्रियाही कमी होते. कमी होते, थांबत नाही, म्हणून प्रतिविष देताना अॅड्रेनॅलिन हाताशी ठेवावं लागतं.

हे फाटे रक्तात मोकळं फिरणारं विष धरतात. विषाने आधीच मोकळ्या केलेल्या संप्रेरकांनी रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, त्यांच्यावर प्रतिपिंडाचा काहीच इलाज चालत नाही. ते काम प्राझोसिनचं. म्हणून त्या ३२ जणांना दोन्ही औषधं मिळाली होती.