बंबातला धूर थांबल्यावर

तांब्याचा बंब शहरातल्या घरांत आता शोभेची वस्तू झाला आहे, पण कोकणात आणि घाटावरच्या खेड्यांत थंडीच्या सकाळी तो अजून पेटतो. त्याची रचना साधी आणि हुशारीची आहे. बाहेर पाण्याचं गोल पात्र, मधून वर जाणारा नळा, नळ्याच्या तळाशी जाळी आणि खाली राख पडायला जागा. जाळ नळ्यातून वर जातो आणि भोवतालचं पाणी तापवतो. वीसेक लिटर पाणी कढत करायला पाऊण-एक किलो सुकी लाकडं पुरतात. करवंट्या, सोडणं, सुताराकडच्या ढलप्या, काहीही चालतं.

बंब पेटवताना सगळ्यांना त्रास होतो तो धुराचा. सुरुवातीला नळा गार असतो, हवा वर ओढली जात नाही आणि धूर न्हाणीतच पसरतो. लाकूड ओलं असेल तर विचारायलाच नको. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, माणूस आपणहून बाहेर पळतो. म्हणजे धूर त्रासदायक असला तरी निदान वर्दी देतो. थोड्या वेळाने जाळ बसतो, लाल निखारे उरतात, न्हाणी स्वच्छ दिसू लागते आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "धूर गेला, जा आता आंघोळीला." खरी काळजी करायची ती इथून पुढे.

निखारा म्हणजे जवळपास निव्वळ कोळसा. त्याला भरपूर हवा मिळाली तर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड. निखाऱ्यांवर कधीकधी निळसर ज्योत नाचताना दिसते, ती याच वायूची. तो जळतो आहे तोवर एक वेळ ठीक. ज्योत विझली, निखारे मात्र धगधगत राहिले, तर तोच वायू न जळता बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबणं नाही. त्यातून काही घरांत पाणी गरम राहावं म्हणून नळ्याच्या तोंडावर झाकण किंवा ताटली ठेवतात. त्याने ओढ तुटते आणि वायू जाळीखालून खोलीत येतो.

थोडा हिशेब करू. पाच फूट बाय सहा फूट न्हाणी, उंची आठ फूट: जेमतेम सात घनमीटर हवा. पन्नास ग्रॅम, म्हणजे मूठभर, निखारे धुमसत जळले तर साधारण दहा ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड निघू शकतो. त्यातला निम्मा वर निघून गेला असं धरलं तरी उरलेला बंद खोलीत दर घनमीटरला सातशे मिलिग्रॅमच्या घरात जातो. जागतिक आरोग्य संघटनेची पंधरा मिनिटांसाठीची मर्यादा शंभर मिलिग्रॅम आहे. थंडी म्हणून खिडकीला पोतं लावलेलं, दाराला आतून कडी, आणि पाणी मुबलक म्हणून आंघोळ लांबलेली. एवढं जुळून आलं की पुरे.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून जास्त ताकदीने चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग मळमळ, गरगर, आणि पायातलं बळ जातं. शेवटचं सगळ्यात वाईट, कारण धोका कळला तरी उठून कडी काढता येत नाही. उपाशीपोटी कढत पाण्याने चक्कर आली, असं म्हणून घरचे गप्प बसतात. पण एकामागून एक आंघोळ केलेल्या दोघा-तिघांचं डोकं दुखू लागलं, किंवा मोकळ्या हवेत आल्यावर बरं वाटलं, तर बंबाकडेच बोट दाखवावं.

सगळ्यात सोपा तोडगा जुन्या घरांत होताच: बंब मागच्या अंगणात किंवा उघड्या पडवीत, आणि पाणी बादलीने आत. बंब न्हाणीतच ठेवायचा तर नळ्याला पत्र्याची चिमणी जोडून ती छपराच्या वर न्यावी, आणि भिंतीत खाली एक व वर एक अशी कायम उघडी राहणारी झरोक्याची जागा ठेवावी. चिमणी असलेल्या बंद न्हाणीत एक्झॉस्ट पंखा लावण्याची हौस मात्र नको. आत यायला हवेला वाट नसली की तो चिमणीतूनच वायू उलटा खेचतो. आंघोळीआधी निखारे लोखंडी घमेल्यात काढून अंगणात न्यावेत. ते शेकायला म्हणून झोपायच्या खोलीत नेणं म्हणजे न्हाणीतलं संकट माजघरात आणणं.

कुणी आत कोसळलंच तर दार सताड उघडून त्याला आधी बाहेर मोकळ्यावर आणावं, मग १०८ ला फोन करावा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं आणि तो अठ्ठ्याण्णव दाखवत बसतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तासा-दीड तासात तेवढं काम होतं. म्हणून माणूस शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावा, आणि न्हाणीत बंब पेटलेला होता हे डॉक्टरांना आधी सांगावं.