समोरचे तीनशे मीटर

चिपळूणहून कराडकडे निघालं की कुंभार्ली घाट लागतो. मालाने भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढत असतो आणि त्याच्या मागे सहा-सात गाड्यांची रांग लागते. वळणावर दुहेरी पिवळी रेषा असते. तरीही रांगेतला एखादा हॉर्न देत बाहेर पडतो, रेषेच्या पलीकडे जातो आणि वळणाआड नाहीसा होतो. पुढे काय असेल हे त्याला त्या क्षणी माहीत नसतं. ते माहीत होऊच शकत नाही, हे रस्ता आखणाऱ्याने आधीच तपासलेलं असतं आणि म्हणूनच तिथे ती रेषा मारलेली असते.

आधी रेषांचा अर्थ पाहू. दोन्ही बाजूंनी वाहतूक असलेल्या साध्या दुपदरी रस्त्याच्या मधोमध तुटक पांढरी रेषा असेल, तर समोरचा रस्ता मोकळा असल्याची खात्री करून ती ओलांडता येते. ओव्हरटेक करायला किंवा उजवीकडच्या फाट्याला वळायला त्यामुळे अडकाठी नसते. मधोमध सलग पांढरी रेषा आली की तिच्या डाव्या बाजूलाच राहायचं. मधली रेषा पिवळी असेल, तर ओव्हरटेक करताना ती ओलांडायची नाही. १९८९ च्या नियमांतही हे स्पष्ट लिहिलेलं होतं. २०१७ साली त्या नियमांची जागा मोटार वाहन चालनाच्या नव्या विनियमांनी घेतली. आपल्याच बाजूला पुरेशी रुंदी असेल, तर एकेरी पिवळ्या रेषेच्या आत राहून पुढे जाता येतं. दुहेरी पिवळी म्हणजे इकडच्यांनी तिकडे जायचं नाही आणि तिकडच्यांनी इकडे यायचं नाही.

चौपदरी रस्त्यावर मात्र वेगळा हिशेब असतो. तिथे मध्ये दुभाजक असतो, त्यामुळे पट्ट्यांमधली पांढरी रेषा एकाच दिशेने जाणाऱ्या गाड्यांना वेगळं करते. ती तुटक असेल तर इंडिकेटर देऊन, आरसा पाहून लेन बदलायची. सिग्नलच्या अलीकडे किंवा बोगद्यात ती सलग होते आणि तिथे जी लेन धरली असेल तीच ठेवायची. रस्त्याच्या डाव्या कडेची सलग पांढरी रेषा निराळी. ती डांबरी रस्त्याची कड दाखवते. गाडी बिघडली, टायर बसला, तर ती ओलांडून बाजूला उभं राहायला हरकत नाही. एकच सलग पांढरा पट्टा तीन ठिकाणी तीन कामं करतो, त्यामुळे बराचसा गोंधळ होतो. रेषा कोणाला कोणापासून वेगळं करते आहे, एवढं पाहिलं की उलगडा होतो.

जिवावर बेतते ती दुपदरी रस्त्याची मधली रेषा, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू. ती कुठे तुटक ठेवायची आणि कुठे सलग, हे ठरतं चालकाला पुढचं किती दिसतं यावरून. ओव्हरटेक करायला किती अंतर लागतं ते एका उदाहरणात मांडून बघा. पुढे ट्रक ताशी ४० किलोमीटरने चालला आहे आणि तुमची गाडी त्याच्या मागे तेवढ्याच वेगाने. समोरून ताशी ६० ने एक जीप येते आहे. तुम्ही बाहेर पडलात, वेग वाढवला, ट्रकला मागे टाकलं आणि सुरक्षित अंतर ठेवून पुन्हा आपल्या बाजूला आलात. साध्या मोटारीला याला साधारण नऊ सेकंद लागतात. या नऊ सेकंदांत ट्रकच १०० मीटर पुढे सरकतो. त्याच्या मागून निघून पुढे येण्यासाठी तुम्हाला आणखी सुमारे ४० मीटर कापावे लागतात, म्हणजे तुमचे झाले १४०. तेवढ्या वेळात जीप १५० मीटर जवळ येते. बेरीज २९०. बाहेर पडू की नको हे ठरवण्यात जाणारा क्षणही धरला, तर समोरचे ३०० मीटर तरी स्वच्छ दिसायला हवेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातही ताशी ६० च्या रस्त्यासाठी ओव्हरटेकचं दृष्टी-अंतर ३०० मीटरच धरलं आहे. ताशी ८० साठी ते ४७० आणि ताशी १०० साठी ६४० मीटर होतं. वेग दुपटीहून कमी वाढला, तरी अंतर दुपटीहून जास्त वाढलं, हे नीट लक्षात घ्यायला हवं. मोकळ्या, वेगवान रस्त्यावर आपला अंदाज चुकतो तो इथेच.

आता घाटातलं वळण डोळ्यांपुढे आणा. डावीकडे कापलेला डोंगर, पुढे रस्ता वळलेला. दिसतो किती? पुष्कळ वळणांवर शंभर मीटरही नाही. म्हणजे तिथे बाहेर पडणाऱ्याने लागणाऱ्या अंतराच्या एक तृतीयांशच पाहिलेलं असतं. बाकीचं तो गृहीत धरतो.

ही दृष्टी मोजण्याची जुनी पद्धत ऐकण्यासारखी आहे. दोन माणसं ठरावीक लांबीची दोरी किंवा साखळी ताणून रस्त्याने एकामागून एक चालतात. लांबी त्या रस्त्याच्या वेगाप्रमाणे ठरते. मागच्या माणसाची नजर आणि पुढच्याच्या हातातल्या काठीवरची खूण, दोन्ही जमिनीपासून १.२ मीटरवर ठेवतात, कारण मोटारीत बसलेल्या चालकाचे डोळे सुमारे तेवढ्या उंचीवर असतात. चालता चालता चढाच्या माथ्याआड किंवा डोंगराआड ती खूण दिसेनाशी झाली, की मागचा माणूस जिथे उभा असेल तिथे रस्त्यावर खूण करतात. इथून ओव्हरटेक बंद. पुढे खूण पुन्हा दिसली, की मागच्याच्या पायाशी दुसरी खूण. इथे बंदी संपली. मग हेच सगळं उलट दिशेने चालून पुन्हा करायचं.

दोन्ही दिशांनी का चालायचं, हे समजलं की रस्त्यावरची सर्वांत गोंधळात टाकणारी खूण सुटते. एक रेषा सलग आणि तिच्या शेजारी दुसरी तुटक, अशी जोडी तुम्ही पाहिली असेल. एखादी टेकडी घ्या. पूर्वेकडे जाणाऱ्याला चढताना माथ्यापलीकडचं दिसत नाही, म्हणून त्याची बंदी माथ्याच्या अलीकडे सुरू होते. माथा ओलांडला की पलीकडचा उतार त्याच्यापुढे उघडा होतो आणि बंदी संपते. त्याच उतारावरून पश्चिमेकडे चढणारा मात्र अजून आंधळाच असतो. जमिनीचा तुकडा तोच, पण एकाला दिसतं आणि दुसऱ्याला नाही. म्हणून ज्याला दिसतं त्याच्या बाजूला तुटक आणि ज्याला दिसत नाही त्याच्या बाजूला सलग. नियमही तसाच आहे. आपल्या बाजूची रेषा तुटक असेल तर ओलांडता येते, सलग असेल तर नाही. पलीकडची कशी आहे याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. माथ्यावर दोघांनाही दिसत नाही तेवढ्या भागात दोन्ही सलग होतात.

यात एक बारकावा आहे. तुटक रेषेत ओव्हरटेक सुरू केला आणि पुढे आपल्या बाजूची रेषा सलग झाली, तर त्या जागेच्या आत आपण आपल्या बाजूला परतलेलं असायला हवं. काही रस्त्यांवर त्याच्या थोडं आधी डावीकडे वळलेले बाण रंगवलेले असतात. बाण दिसला आणि आपण अजून ट्रकच्या शेजारी पोचलो नसू, तर ब्रेक लावून मागेच यायचं. काही ठिकाणी तुटक रेषेतले तुकडे लांब आणि फटी आखूड होत जातात, त्याचा अर्थ पुढे धोका आहे असाच घ्यावा.

दुहेरी पिवळी कधीच ओलांडायची नाही का? दरड कोसळून किंवा ट्रक बंद पडून आपली बाजू पूर्ण अडली असेल, तर पलीकडून जावंच लागतं. पण तिथे पोलीस हाताने सोडत असतील तर त्यांचं ऐकायचं. कोणी नसेल, तर आपल्यातल्याच एकाने उतरून वळणापलीकडे उभं राहायचं, समोरच्यांना थांबवायचं आणि एकेक गाडी माणसाच्या चालीने काढायची. हळू चालणारा ट्रक हा मात्र अडथळा नव्हे. तो चालतो आहे. बेकायदा ओव्हरटेक धोकादायक वाहन चालवण्यात मोडतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या गाडीची. पहिला तुटक रेषेत नीट पाहून बाहेर पडतो आणि त्याच्या मागोमाग दुसरा निघतो. दुसऱ्याने समोरचा रस्ता पाहिलेलाच नसतो, पहिल्याची पाठ तेवढी पाहिलेली असते. पहिला आत आला की त्याच्यापुढे अचानक समोरची गाडी उघडी पडते. ट्रक आणि पहिली गाडी यांच्यामध्ये शिरायला जागाही नसते. तुटक रेषेची परवानगी प्रत्येक चालकाने आपल्या डोळ्यांनी नव्याने तपासायची असते.

समोर ३०० मीटर आहेत की नाहीत, हे डोळ्यांनी ठरवायला एक चांगलं साधन रस्त्याच्या कडेलाच आहे. किलोमीटरच्या मोठ्या दगडांच्या मध्ये दर २०० मीटरवर छोटे दगड बसवलेले असतात. असे दोन दगड एका वेळी दिसले आणि त्यापुढेही रस्ता उघडा असेल, तर अंतर पुरेसं असण्याची शक्यता आहे. पुढचा एकच दगड दिसून रस्ता वळत असेल, तर रेषा तुटक असली तरी बाहेर पडू नये. ठेकेदाराने वळणावरही तुटकच पट्टे ओढत नेले आहेत, असे रस्ते आपल्याकडे आहेत.

पावसाळ्यात तर रेषाच दिसत नाही. महामार्गावरचा पट्टा साध्या रंगाचा नसतो. तापवून वितळवलेलं थर्मोप्लास्टिक सुमारे अडीच मिलिमीटर जाडीत ओततात आणि ते गरम असतानाच त्यावर काचेचे बारीक मणी शिंपडतात. रात्री हेडलाइटचा उजेड या मण्यांतून उलटून चालकाच्या डोळ्यांकडे येतो, म्हणून पट्टा चमकतो. पावसात मण्यांवर पाण्याचा पातळ थर बसला की उजेड आरशासारखा पुढे निसटतो आणि रेषा पुसल्यासारखी होते. अशा वेळी रस्त्यात बसवलेले कॅट-आय तेवढे पाण्याच्या वर राहून दिसतात. कोकणात चार महिने पाऊस आणि वर नव्या डांबराचा थर, यामुळे कित्येक वळणांवर आज मधली रेषाच नाही. पण वळणावर, चढाच्या माथ्यावर आणि जिथे पुढचं नीट दिसत नाही तिथे ओव्हरटेक करायचा नाही, हा नियम स्वतंत्र आहे. तिथे रेषा रंगवलेली असो वा नसो, तो तसाच लागू राहतो.