बेडरूम आखूड भरली, आता बिल्डरला काय लिहायचं?

ताबा घ्यायच्या आधी फ्लॅट बघायला जाताना हल्ली बरेच जण खिशात टेप घेऊन जातात आणि तिथेच घोळ सुरू होतो. करारनाम्याला जोडलेल्या नकाशात बेडरूम ३.०५ बाय ३.६६ मीटर, म्हणजे दहा बाय बारा फूट. टेप मात्र २.९८ बाय ३.५७ मीटर दाखवते. घरी येऊन माणूस तावातावाने पत्र लिहितो, 'तुम्ही आमची फसवणूक केली आहे.' आठवड्याने दोन ओळींचं उत्तर येतं, 'नकाशातली मापं गिलाव्याशिवायची असतात.' विषय तिथेच बसतो.

बिल्डरच्या उत्तरात थोडं तथ्य असतं. नकाशातली मापं बहुधा उघड्या भिंतीपासूनची असतात. दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर गिलावा धरला, तर तीन सेंटिमीटर गेले. पण आपल्या बेडरूममध्ये एका बाजूने सात आणि दुसऱ्या बाजूने नऊ सेंटिमीटर कमी आहेत. उरलेले चार आणि सहा कुठे गेले, हा खरा प्रश्न. तो असाच, आकड्यात विचारायचा. मापं मात्र स्कर्टिंगच्या टाइलपासून घेऊ नयेत. ती भिंतीच्या पुढे येते, म्हणून छातीच्या उंचीवर आणि प्रत्येक भिंतीलगत दोन ठिकाणी मोजावं.

दुसरी गल्लत याहून मोठी. लोक सगळ्या खोल्यांची क्षेत्रफळं मिळवतात, बेरीज कार्पेटपेक्षा कमी आली की हादरतात. ती कमी येणारच. २०१६च्या रेरा कायद्यात कार्पेट म्हणजे फ्लॅटचं निव्वळ वापरण्याजोगं क्षेत्र. त्यात बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. आतल्या भिंतींची जागा मात्र धरतात. म्हणून आतल्या भिंती वेगळ्या मोजून मिळवाव्या लागतात आणि बाल्कनी वगळावी लागते.

समजा करारात कार्पेट ५८.२० चौरस मीटर आहे. खोल्या, संडास-बाथरूम आणि पॅसेज मिळून ५२.९० भरले, आतल्या भिंती २.६० निघाल्या. एकूण ५५.५०. तूट २.७० चौरस मीटर, म्हणजे साधारण ४.६ टक्के. महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात कार्पेटमधल्या फरकाला तीन टक्क्यांची मर्यादा आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर बिल्डरने अंतिम क्षेत्र कळवायचं, त्यानुसार किंमत पुन्हा काढायची आणि जास्त घेतलेले पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत करायचे, असं त्यात लिहिलेलं आहे. फ्लॅट ८७ लाख ३० हजारांचा असेल तर चौरस मीटरला दीड लाख पडले, २.७० मीटरचे चार लाख पाच हजार होतात. 'तीन टक्के चालतातच' हे ऑफिसातलं उत्तर ऐकून परत फिरू नये. नमुन्यातलं कलम मर्यादेच्या आतल्या घटीबद्दलही पैसे परत करण्याचं बोलतं. मात्र बिल्डरने छापलेल्या करारात ते बदललेलं असू शकतं, तेव्हा आपलं पान उघडून बघावं.

आता पत्र. मला वाटतं, ते एका पानात बसलं पाहिजे. करारनाम्याची तारीख व नोंदणी क्रमांक, फ्लॅट क्रमांक, खोलीनिहाय नकाशातलं माप आणि प्रत्यक्ष माप. मग असं: 'अमुक तारखेला आम्ही घेतलेली मापं सोबत जोडली आहेत. गिलावा धरूनही फरक उरतो. कृपया आपल्या अभियंत्यासमवेत संयुक्त मोजणीसाठी तारीख द्यावी, वास्तुविशारदाच्या सहीचा अंतिम कार्पेटचा तपशील आणि शेवटच्या मंजूर नकाशाची प्रत द्यावी.' करारात दोघांची नावं असतील तर दोघांनी सही करावी. कराराच्या सूचनेच्या कलमात दिलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही पाठवावं. 'फसवणूक' हा शब्द या पत्रात नकोच. मोजणीला बोलावलेला माणूस आधीच वकील गाठून बसतो.

मंजूर नकाशा मागण्याचं कारण वेगळं आहे. कधी एकूण कार्पेट बरोबर भरतं, पण मधली भिंत सरकल्याने हॉल मोठा आणि बेडरूम लहान होते. तिथे टक्केवारी उपयोगाची नाही. रेराचं कलम १४ मंजूर नकाशानुसार बांधायला सांगतं, आणि फ्लॅटमध्ये बदल करायचा तर घेणाऱ्याची आधी संमती लागते. किरकोळ बदल किंवा वास्तुविशारदाने गरजेचे ठरवलेले छोटे बदल तेवढे सुटतात. भिंत का सरकली, कुणाच्या संमतीने, हे पत्रात विचारता येतं.

ताबापत्रावर बहुधा एक ओळ छापलेली असते, 'क्षेत्रफळाबाबत समाधानी आहे.' चावी हवी असते, भाडं आणि हप्ता दोन्ही चालू असतात, सही होते. सही करावीच लागली तर त्या ओळीवर काट मारून 'क्षेत्रफळाबाबतचे पत्र प्रलंबित, हक्क राखून ताबा घेतला' असं हाताने लिहावं आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवावा. पत्राला उत्तर आलंच नाही, तर महारेराकडे कलम ३१ खाली तक्रार करता येते, आणि तिथे पोस्टाच्या पावतीबरोबर हे पानही जोडता येतं.